लॅझरसच्या चौकटीचं लाकूड

१९४५च्या उन्हाळ्यात ॲम्स्टरडॅमच्या पोलिसांसमोर एक अजब आरोपी बसला होता. हान व्हान मेगरेन हा चित्रकार. आरोप देशद्रोहाचा. नाझी सेनानी हेर्मान ग्योरिंगच्या संग्रहात योहानेस व्हर्मेरचं म्हणून एक चित्र सापडलं आणि विक्रीचे धागेदोरे याच्यापर्यंत येऊन पोचले. व्हर्मेर हा सतराव्या शतकातला डेल्फ्टचा चित्रकार. त्याची जेमतेम ३५-३७ चित्रं जगात उरलेली. त्यातलं एक शत्रूला विकणं म्हणजे देशाचा ठेवा विकणं. काही आठवडे कोठडीत काढल्यावर व्हान मेगरेनने सांगून टाकलं, की ते चित्र व्हर्मेरचं नाहीच, मी काढलंय. एवढ्यावर न थांबता तो म्हणाला, रॉटरडॅमच्या बॉयमन्स संग्रहालयात ज्याच्यासमोर लोक रांगा लावतात ते ‘एमाऊसचं भोजन’सुद्धा माझंच.

यावर विश्वास ठेवायला कोणी तयार नव्हतं. एरवी नकली चित्राच्या प्रकरणात आरोपी ‘अस्सल आहे’ म्हणून ओरडत असतो आणि तज्ज्ञ त्याला खोटं पाडत असतात. इथे सगळं उलटं झालं होतं. आपण नकलाकार आहोत हे सिद्ध करायला आरोपीचीच धडपड चालली होती, कारण नकलेला शिक्षा थोडी होती आणि देशद्रोहाला फार मोठी. त्यामुळे कधी नव्हे ती गोष्ट घडली. जुनं दिसणारं चित्र नेमकं कसं जुनं ‘केलं’ हे करणाऱ्यानेच पायरीपायरीने सांगितलं, आणि मग ब्रसेल्सच्या प्रयोगशाळेचे पॉल कोरेमान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं प्रत्येक वाक्य चित्रावर तपासून पाहिलं. तैलचित्रातली नक्कल कशी ओळखावी हे शिकायला याहून चांगलं प्रकरण मला माहीत नाही.

पहिल्यांदा फसवलं ते चित्राच्या दर्शनी बाजूने. सप्टेंबर १९३७मध्ये हे चित्र अब्राहम ब्रेडियस यांच्यासमोर ठेवलं गेलं. डच चित्रकलेतला त्यांचा शब्द म्हणजे अखेरचा शब्द. वय ८२. त्यांनी रंग पाहिले, सही पाहिली, पृष्ठभागावरचं बारीक तड्यांचं जाळं पाहिलं आणि नोव्हेंबरच्या ‘बर्लिंग्टन मॅगझिन’मध्ये हे व्हर्मेरचं थोर चित्र असल्याचं जाहीर करून टाकलं. त्याच सुमारास दुव्हीन या बड्या चित्रव्यापाऱ्याच्या माणसांनीही चित्र पाहिलं आणि न्यूयॉर्कला तार केली, की हे सपशेल नकली आहे. पण ती तार कंपनीच्या फायलीत राहिली. चित्र पाच लाखांहून अधिक गिल्डर मोजून बॉयमन्सकडे आलं. आज छायाचित्रातही त्यातले जड पापण्यांचे चेहरे १९३०च्या दशकातल्या सिनेमाच्या जाहिरातीतून उचलल्यासारखे वाटतात. पण हे शहाणपण आपल्याला नंतरचं. प्रत्येक काळाला स्वतःची आवड दिसत नाही, त्यामुळे त्या काळात काढलेली नक्कल त्याच काळातल्या डोळ्यांना गोड लागते. म्हणूनच शैलीवरून वाद घालण्यापेक्षा वस्तू म्हणून चित्राकडे पाहिलेलं बरं. कापड, लाकूड, खिळे, रंगाचे थर यांना आवडनिवड नसते.

सुरुवात तड्यांपासून करू, कारण ब्रेडियसना सगळ्यात जास्त भुलवलं ते त्यांनीच.

तैलचित्राच्या कॅनव्हासवर आधी सरसाचा हात देतात, त्यावर अस्तराचा थर येतो आणि त्यावर जवसाच्या तेलात घोटलेले रंग. हे तेल पाण्यासारखं उडून जाऊन वाळत नाही. हवेतला प्राणवायू घेत घेत ते घट्ट होत जातं. हाताला कोरडं लागायला काही दिवस पुरतात, पण आतून पुरतं कडक व्हायला कित्येक दशकं लागतात. एकीकडे रंग असा ठिसूळ होत असतो आणि दुसरीकडे खालचा सरस आणि कापड प्रत्येक ऋतूत हलत असतात. हवेत ओल आली की सैल, कोरडी पडली की ताठ. तरुण रंग ही ओढाताण सोसतो, म्हातारा रंग सोसत नाही आणि तडकतो. वयाने आलेल्या तड्याची खूण अशी, की तो वरच्या रंगापासून अस्तरापर्यंत आरपार गेलेला असतो. भिंगाखाली त्याच्या कडा धारदार दिसतात आणि दोन कडा एकमेकींत बरोबर बसतील अशा असतात. बऱ्याचदा त्या कडा किंचित वर उचललेल्या असतात.

याहून वेगळे तडे म्हणजे रंग वाळतानाच पडणारे. खालचा थर ओला असताना वर चटकन वाळणारा थर दिला, की वरचा थर आकसून फाटतो. असे तडे रुंद असतात, त्यांच्या कडा गोलसर असतात आणि ते वरच्या थरातच थांबतात. फटीतून खालचा रंग डोकावतो. एकोणिसाव्या शतकात डांबरी तपकिरी रंग वापरण्याची हौस होती, त्या चित्रांवर हे हमखास दिसतात. त्यांच्यावरून चित्रकाराच्या घाईचा अंदाज येतो, चित्राच्या वयाचा येत नाही. दुकानात ‘बघा किती तडे आहेत’ म्हणून दाखवतात, त्यातले पुष्कळसे या जातीचे असतात.

तड्यांच्या जाळ्याला दिशाही असते. लाकडी फळीवरच्या जुन्या इटालियन चित्रांत तडे लाकडाच्या रेषांच्या हिशेबाने धावतात. कॅनव्हासवर ते कापडाच्या ताणाचा माग काढतात. कोपऱ्यांत तिरपे होतात आणि चौकटीच्या आतल्या कडेला समांतर अशी एखादी लांब रेघ उमटते. चौकटीची पट्टी जिथे कापडाच्या मागे असते तिथे हवेचा फेरफार कमी पोचतो, त्यामुळे नेमक्या त्या पट्ट्यात तडे विरळ असतात. हा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे. तड्यांच्या नकाशावरून मागची चौकट कशी होती हे समोरून सांगता येतं. आणि मागची चौकट त्या नकाशाशी जुळली नाही, तर काहीतरी बदललेलं आहे.

व्हान मेगरेनला हे सगळं ठाऊक होतं. त्याच्यापुढे दोन अडचणी होत्या. पहिली म्हणजे ताजा तैलरंग अल्कोहोलने विरघळतो. कापसाचा बोळा अल्कोहोलमध्ये भिजवून चित्राच्या एका कोपऱ्यावर फिरवणं ही त्या काळची नेहमीची चाचणी होती. जुना रंग हलत नाही, नवा बोळ्यावर येतो. यावर तोडगा काढायला त्याने फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर रोकब्रून इथे घर घेऊन काही वर्षं प्रयोग केले. शेवटी तेलाच्या जागी त्याने फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून होणारी राळ वापरली, म्हणजे बेकेलाइटच्या कुळातलाच पदार्थ. तो उडून जाणाऱ्या सुगंधी तेलात कालवून त्यात रंगद्रव्य मिसळायचं, चित्र काढायचं आणि ते शंभर अंश सेल्सिअसच्या जरा वर सुमारे दोन तास भट्टीत ठेवायचं. बाहेर आलेला रंग दगडासारखा. अल्कोहोलचा बोळा फिरवला तरी ढिम्म हलत नसे.

दुसरी अडचण तड्यांची. सपाट कडक थरावर सुईने तडे कोरता येतात, पण भिंगाखाली ते लगेच उघडे पडतात. त्यासाठी त्याने खरंच सतराव्या शतकातलं एक चित्र विकत घेतलं. विषय होता लॅझरसला येशू मेलेल्यांतून उठवतो तो प्रसंग. त्यावरचा रंग प्यूमिस दगड आणि पाण्याने हळूहळू घासून काढला, पण खालचं अस्तर तसंच ठेवलं. त्या अस्तरात खरे, तीनशे वर्षांचे तडे होते. त्यावर नवं चित्र काढून भाजलं आणि कॅनव्हास एका गोल नळकांड्यावर दाबून फिरवला, की अस्तरातले तडे वरच्या कडक थरातून फुटून वर येत. मग सगळीकडे काळी शाई पुसायची. ती फटींत उतरते आणि शतकानुशतकांची धूळ बसल्याचा भास होतो. शाई पुसून घेऊन वर तपकिरी छटेचं वार्निश दिलं की झालं.

कल्पना अफाट होती यात शंका नाही. पण ती दोन ठिकाणी लंगडी पडली. खरी धूळ मळकट असते. ती कुठे राखाडी, कुठे तपकिरी दिसते, कुठे वार्निशाखाली अडकलेली असते, तर कुठे अजिबात नसते. शाई मात्र सगळीकडे सारखी काळी दिसते आणि फटीच्या भिंतींत मुरते. दुसरं असं, की वरचे सगळे तडे खालून आलेले नव्हते. नळकांड्यावर फिरवताना नवे तडेही पडले. कोरेमान्स यांनी चित्राचं क्ष-किरण छायाचित्र आणि समोरचं छायाचित्र शेजारी ठेवून तडे ताडून पाहिले. अस्तरात शिशाचा सफेदा असेल तर क्ष-किरणात त्यातला तडा काळ्या रेषेसारखा दिसतो. खऱ्या जुन्या चित्रात वरचा तडा आणि खालचा तडा हा एकच तडा असतो. इथे काही जागी ते जुळत होते, काही जागी नव्हते.

आता कॅनव्हास. जुनं कापड मिळवणं नकलाकाराला कठीण नाही. किरकोळ चित्रकारांची तीनशे वर्षांची चित्रं युरोपात तेव्हाही स्वस्तात मिळत आणि आजही मिळतात. म्हणून ‘कापड जुनं आहे’ या वाक्याने काहीच ठरत नाही. उलट्या बाजूने मात्र कापड खूप काही सांगतं. हातमागावरच्या लिननमध्ये धागा जाड-बारीक असतो, मध्येच गाठ येते. यंत्रावरचं कापड एकसारखं असतं. रेम्ब्रांच्या नावाच्या चित्रामागे यंत्रावरचं कापड किंवा कारखान्यातून अस्तर लावून आलेला कॅनव्हास दिसला तर पुढे काही बघायची गरज नाही.

जुन्या कापडाची दुसरी भानगड म्हणजे त्याला आठवण असते. व्हान मेगरेनला लॅझरस पूर्ण पुसता येईना. शिशाचा सफेदा अस्तराला इतका घट्ट धरून बसतो, की तो काढायला जावं तर अस्तरच उखडतं, आणि अस्तर गेलं की तडेही गेले. त्यामुळे काही जागी त्याने जुना रंग राहू दिला आणि वरून चित्र काढलं. डोळ्याला ते दिसत नाही, पण सफेद्यातलं शिसं क्ष-किरण अडवतं. त्यामुळे ‘एमाऊस’च्या क्ष-किरण छायाचित्रात, जिथे कोणतंही डोकं असायला नको तिथे, एका जुन्या डोक्याचा आकार उमटला. त्याच्या दुसऱ्या एका नकलेचं, ‘अखेरचं भोजन’चं, याहून वाईट झालं. त्याच्या खाली आब्राहाम होंडियसने काढलेलं शिकारीचं आख्खं दृश्य निघालं.

इथे एक सावधगिरी हवी. खालून दुसरं चित्र निघालं म्हणजे वरचं नकली, असं नाही. कॅनव्हास महाग असे, आणि भलेभले चित्रकार स्वतःच्या फसलेल्या चित्रावरच नवं चित्र काढत. खालचं चित्र कोणाचं आणि कुठल्या काळातलं, आणि वरच्या रंगाआधी ते घासून काढलेलं आहे का, हे पाहावं लागतं. चित्रकार स्वतःचं काम झाकतो तेव्हा सहसा सरळ त्यावर रंग चढवतो, ते दगडाने घासत बसत नाही.

कापडाच्या कडा तर मला सगळ्यात बोलक्या वाटतात. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये कॅनव्हासला अस्तर लावण्याआधी तो एका मोठ्या चौकटीत दोऱ्यांनी ओढून बांधत, आपल्याकडे बाजेला सुंभ ओढतात तसा. दोरी जिथे कापडाला धरते तिथे धागे तिकडे खेचले जातात आणि दोन दोऱ्यांच्या मध्ये आत वळतात. त्यामुळे कडेला धाग्यांच्या लाटा तयार होतात. त्यावर अस्तर बसलं की त्या लाटा कायमच्या गोठतात. मध्यभागाकडे जाताना त्या विरत जातात. पुढे कोणी चित्राची एक बाजू कापली, तर त्या बाजूला लाटा नसतात, धागे अगदी सरळ धावतात. क्ष-किरणात हे स्वच्छ दिसतं, कारण अस्तरातलं शिसं धाग्यांमधल्या खळग्यांत भरून बसलेलं असतं.

अलीकडे संगणकावर हे धागे मोजण्याची पद्धत आली आहे. अमेरिकेतल्या राइस आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या अभियंत्यांनी क्ष-किरण छायाचित्रांवरून प्रत्येक सेंटिमीटरला किती उभे आणि किती आडवे धागे आहेत याचे रंगीत नकाशे बनवले. एकाच ताग्यातून कापलेल्या दोन तुकड्यांत जाड-बारीक धाग्यांचे पट्टे एकमेकांना जोडून येतात. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातली व्हर्मेरची ‘लेस विणणारी’ आणि बराच काळ शंकेत असलेलं ‘व्हर्जिनलपाशी बसलेली तरुणी’ हे छोटं चित्र यांचं कापड एकाच ताग्यातलं निघालं. ते चित्र व्हर्मेरचं असल्याच्या बाजूला हा भक्कम पुरावा ठरला. म्हणजे कापड नेहमी आरोपीच्या विरुद्धच साक्ष देतं असं नाही.

व्हान मेगरेनच्या प्रकरणात कडांची गोष्ट थेट चौकटीपाशी येते. त्याने चौकशीत सांगितलं, की लॅझरसचं चित्र मुळात याहून रुंद होतं. आपल्याला हवी ती मांडणी साधायला आपण डाव्या बाजूने कापडाची एक पट्टी कापून टाकली आणि त्या मापाने मागची लाकडी चौकटही आखूड केली. कापलेलं लाकूड नीसच्या आपल्या घरात, स्टुडिओत पडलेलं आहे, जाऊन बघा. चौकशीवाले गेले. तिथे त्याचे व्हर्मेरच्या ढंगातले आधीचे सरावाचे प्रयत्न सापडले आणि चौकटीचं कापलेलं लाकूडही सापडलं. ते ‘एमाऊस’च्या मागच्या चौकटीच्या कापलेल्या टोकाला लावून पाहिलं, तेव्हा झाडाच्या वाढीच्या रेषा एका तुकड्यातून दुसऱ्यात सरळ पुढे गेल्या.

या पुराव्याची ताकद कशात आहे ते पाहा. जुनं लाकूड कुणालाही मिळतं. पण एका विशिष्ट फळीचा उरलेला तुकडा ज्याच्या घरात पडलेला आहे त्यानेच ती फळी कापली, यावर वाद घालायला जागा उरत नाही. त्या चित्राबद्दल सौंदर्यशास्त्राची पानंच्या पानं लिहिली गेली होती. त्यांना उत्तर मिळालं ते वखारीतल्या सुताराला सहज देता आलं असतं तसलं.

ज्यांच्यासमोर असा आयता तुकडा येत नाही त्यांनीही चौकटीकडे बघायला शिकावं. सतराव्या-अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या चौकटी बहुधा पक्क्या जोडलेल्या असत. कोपऱ्यांत पाचरी ठोकून ताण वाढवता येणारी चौकट अठराव्या शतकाच्या मध्यानंतर रूढ झाली. म्हणून ‘१६६०चं चित्र, मूळ चौकटीसह’ असं म्हणणाऱ्याने पाचरींची चौकट दाखवली तर ‘मूळ’ हा शब्द तरी तिथेच गळून पडतो. खिळ्यांच्या टाचण्यांकडेही पाहावं. जुना लोखंडी खिळा गंजतो आणि भोवतीचं कापड तांबूस, ठिसूळ करतो. कापडात खिळ्यांची जुनी, रिकामी भोकं दिसली आणि त्यांच्या समोर लाकडात भोकंच नसली, तर कापड आणि लाकूड नंतर कधीतरी एकत्र आले आहेत. लाकूडही सगळीकडे सारखं काळवंडत नाही. जिथे हवा लागते तिथे जास्त, जिथे कापड टेकलेलं असतं तिथे कमी. चहाच्या पाण्याने रंगवलेलं लाकूड सगळीकडून एकसारखं तपकिरी असतं, खाचेच्या आतसुद्धा.

पाठीवरची कागदी लेबलं हा वेगळाच सापळा आहे. वोल्फगांग बेल्ट्राक्की या जर्मन नकलाकाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या चित्रकारांच्या नकला करताना चौकटीवर ‘फ्लेश्टहाइम संग्रह’ अशी लेबलं चिकटवली. आल्फ्रेड फ्लेश्टहाइम हा खरा, नामांकित चित्रव्यापारी होता, पण अशी लेबलं तो कधी वापरत नव्हता. त्यातलं काम्पेंडॉंकच्या नावाचं एक चित्र २००६मध्ये कोलोनच्या लिलावात अठ्ठावीस लाख युरोंहून अधिकला गेलं. १९१४च्या म्हणवल्या जाणाऱ्या त्या चित्रात पुढे टायटॅनियमचा पांढरा रंग सापडला. तेव्हा तो चित्रकारांच्या हाती आलेलाच नव्हता. बेल्ट्राक्कीला २०११मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली.

मात्र नवी चौकट म्हणजे नक्कल, हा निष्कर्ष तर अजिबात काढू नये. लाकूड किडतं, वाकतं आणि बदललं जातं. दोनशे-तीनशे वर्षांच्या बहुतेक कॅनव्हासच्या मागे दुसरं कापड चिकटवलेलं असतं. जीर्ण कापडाला आधार म्हणून संग्रहालयंच ते करत आली आहेत. त्यामुळे मूळ कापडाची पाठ झाकली जाते आणि कडा बऱ्याचदा कापल्या जातात. अशा चित्राची पाठ आपल्याला काही सांगत नाही, पण तिच्या गप्प राहण्याला गुन्ह्याची कबुली समजू नये.

राहता राहिली सही. लोक सगळ्यात आधी तिच्याकडे बघतात, आणि मी तिला सगळ्यात शेवटी ठेवतो. कॅनव्हास किंवा चौकट बनवायला खटपट लागते, सही करायला अर्धं मिनिट पुरतं. व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात व्हर्मेरचं ‘चित्रकला’ हे थोर चित्र आहे. त्यावर कोणीतरी पीटर डे होख या त्याच्या समकालीन चित्रकाराची खोटी सही केली होती, कारण त्या काळी डे होखला भाव जास्त होता. १८६०पर्यंत लोक ते डे होखचंच समजत होते. म्हणजे सही खोटी आणि चित्र व्हर्मेरचं! एरवी ऐकायला मिळतं ते याच्या बरोबर उलट.

सहीचं अक्षर जुळवत बसण्यापेक्षा ती कोणत्या थरात आहे ते पाहावं. दहा ते चाळीस पट मोठं दाखवणारं सूक्ष्मदर्शक घ्यावं आणि जिथे तडा अक्षराला छेदतो तिथे थांबावं. सही चित्राइतकीच जुनी असेल, तर तडा अक्षराला सरळ कापत जातो. अक्षराच्या रंगाचे दोन्ही काठ तुटलेले आणि धारदार दिसतात. सही नंतरची असेल, तर कुंचल्याचा ओला रंग फटीत उतरलेला दिसतो, किंवा दोन काठांवरून पूल टाकल्यासारखा आडवा गेलेला असतो. एवढी एकच गोष्ट बघायला शिकलं तरी बाजारातल्या कित्येक ‘सह्या’ निकालात निघतील.

दुसरी पद्धत अतिनील प्रकाशाची. अंधाऱ्या खोलीत तो दिवा लावला की जुनं राळेचं वार्निश हिरवट उजळतं. वार्निशाच्या वरून केलेली सही त्या हिरव्या उजेडावर काळीकुट्ट तरंगताना दिसते. अडचण अशी, की जुन्या, पुसट सह्या पूर्वी दुरुस्ती करणारे सर्रास गिरवून ठेवत. खालची मूळ सही खरी आणि वरची गिरवलेली नवी, अशी दोन सह्यांची भेसळ खूप वेळा सापडते. आणि व्हान मेगरेनसारखा माणूस चित्र भाजायच्या आधीच सही करू शकतो. मग तडा तिला छानपैकी कापत जातो आणि सूक्ष्मदर्शक निरुत्तर होतं. ‘एमाऊस’वरची व्हर्मेरची सही लोकांना पटली त्यात नवल नाही.

इतका पुरावा समोर असूनही वाद संपला नाही, हेही सांगायला हवं. नोव्हेंबर १९४७मध्ये न्यायालयाने व्हान मेगरेनला नकला केल्याबद्दल एक वर्षाची कैद सुनावली. ती भोगण्याआधीच डिसेंबरच्या अखेरीस तो वारला. पण ‘अखेरचं भोजन’ सोळा लाख गिल्डरना घेतलेले रॉटरडॅमचे उद्योगपती फान बेउनिंगेन आणि बेल्जियमचे जाणकार झां देकोएन यांचं म्हणणं कायम होतं, की व्हान मेगरेनच्या इतर नकला असतील, पण हे चित्र आणि ‘एमाऊस’ मात्र खरे व्हर्मेरच. फान बेउनिंगेन यांनी कोरेमान्स यांच्यावर दावा लावला. होंडियसच्या शिकारीच्या चित्राचं जुनं छायाचित्र विक्रेत्याकडून मिळालं होतं आणि ते क्ष-किरण छायाचित्राशी जुळत होतं, त्यावरही संशय घेतला गेला. दावा अखेर फेटाळला गेला. १९६८मध्ये अमेरिकन रसायनतज्ज्ञ बर्नार्ड काइश यांनी पांढऱ्या रंगातल्या शिशाची किरणोत्सारिता मोजली. खनिजातून शिसं वितळवून काढलं की त्यातला किरणोत्सारी शिशाचा अंश दर बावीस वर्षांनी अर्धा होत जातो. ‘एमाऊस’मध्ये तो इतका जास्त होता, की ते शिसं तीनशे वर्षांपूर्वीचं असूच शकत नव्हतं.

प्रयोगशाळा प्रत्येकाच्या हाताशी नसते, पण तडे बघायला मोबाइलचा दिवा पुरतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहातून आलेली युरोपीय तैलचित्रं आहेत. चित्राच्या समोर न उभं राहता बाजूला सरकून, छताचा उजेड पृष्ठभागावर तिरपा पडेल असं पाहिलं, की तड्यांची दिशा, चौकटीच्या आतल्या कडेची रेघ, उचललेले काठ हे सगळं डोळ्याला दिसू लागतं. खरं जाळं कसं असतं याची डोळ्याला सवय अशीच होते. मात्र कोकण किनारपट्टीच्या हवेत पावसाळ्यात कॅनव्हास इतका सैल पडतो आणि नंतर इतका ताठतो, की इथे राहिलेल्या चित्राला युरोपातल्या त्याच वयाच्या चित्रापेक्षा लवकर तडे जाऊ शकतात. म्हणून नुसत्या तड्यांच्या संख्येवरून वय सांगणाऱ्यावर आपण तरी भरवसा ठेवू नये.

आणि विकत घ्यायचं असेल तर चित्र भिंतीवरून उतरवून घ्यावं. मागच्या बाजूला बहुतेकदा फ्रेमवाल्याने तपकिरी कागद चिकटवलेला असतो. धूळ आत जाऊ नये म्हणून तो लावतात, त्यात वावगं काही नाही. पण सौदा लाखांचा असेल तर विक्रेत्यासमोर तो कागद काढायला सांगावा, चित्र फ्रेममधून बाहेर काढून चौकटीवर वळवलेल्या कापडाच्या चारही कडा पाहाव्यात, खिळ्यांची भोकं बोटाने चाचपावीत आणि पाठीचे, चारही कोपऱ्यांचे आणि सहीचे जवळून फोटो घ्यावेत. विक्रेता कागद काढायला तयार नसेल, तर चित्र तिथेच ठेवून यावं.